पाहण्याचे चारशे, तपासण्याचे तीनशे

दहावी-बारावीचा निकाल लागला की वसई-विरारच्या शाळांच्या कार्यालयांत आणि क्लासच्या जिन्यांवर एक सल्ला हमखास ऐकू येतो : फोटोकॉपी मागवण्याच्या फंदात पडू नका. दोन-चार गुणांसाठी सातशे रुपये कशाला घालवायचे, मंडळ काही गुण वाढवत नाही, त्यापेक्षा पुरवणीचा फॉर्म भरा किंवा मिळेल ते कॉलेज घ्या. सल्ला देणारे बहुतेक भल्या मनाचे असतात आणि त्यांचा हिशेबही वरवर पाहता चुकीचा नसतो. सातशे रुपये खरेच लागतात, वेळ खरेच पुरत नाही. पण यातून ते जो निष्कर्ष काढतात तो उलटा आहे. वेळ आणि पैसा पुरत नाही याचा अर्थ मुलाने अर्ज करू नये असा होत नाही. फी आणि मुदती चुकीच्या जागी बसवल्या आहेत, एवढाच होतो. मूल स्वतःच्या हाताने लिहिलेली उत्तरपत्रिका पाहायला मागते, तेव्हा ते कसली सवलत मागत नसते. पाहणे ही या प्रक्रियेतली सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपी पायरी असायला हवी. आपल्या राज्य मंडळाने तिलाच सर्वांत महाग करून ठेवले आहे.

आधी व्यवस्था काय आहे ते नीट पाहू, कारण गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पालकांच्या बोलण्यात त्यांचे एकच कडबोळे होते. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर न तपासता राहिले आहे का, एवढेच पाहिले जाते. परीक्षकाने चारपैकी दोन दिले असतील तर ते तीन हवे होते का, या वादात गुणपडताळणी पडत नाही. त्या वादासाठी पुनर्मूल्यांकन असते आणि त्यासाठी आधी छायाप्रत घेणे मंडळाने सक्तीचे केले आहे. अलीकडच्या वर्षांतली फी प्रत्येक विषयाला गुणपडताळणीसाठी ५० रुपये, छायाप्रतीसाठी ४०० आणि पुनर्मूल्यांकनासाठी ३०० अशी राहिली आहे. मुदतीचा नमुना २०२५चा घ्या. बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला; गुणपडताळणी आणि छायाप्रतीचे अर्ज ६ ते २० मे या काळात mahahsscboard.in या संकेतस्थळावर स्वतः किंवा कॉलेजमार्फत करायचे होते. दहावीचा निकाल १३ मेचा, अर्जाची मुदत १४ ते २८ मे. पुनर्मूल्यांकनाला मात्र कॅलेंडरवरची तारीख नसते. छायाप्रत मिळाल्याच्या दिवसापासून कार्यालयीन कामाच्या पाच दिवसांत विभागीय मंडळाकडे अर्ज झाला पाहिजे, एवढाच नियम. पालघर जिल्हा मुंबई विभागात येतो, म्हणजे आपले विभागीय मंडळ वाशीला.

आता फीकडे पाहू. चारशे रुपये हा छायाप्रतीचा खर्च आहे असे समर्थन दिले जाते : लाखो गठ्ठ्यांतून एक उत्तरपत्रिका शोधायची, परीक्षकाची ओळख झाकायची, पाने स्कॅन करायची, माणसे लावायची. हे सगळे खरे आहे. पण याच मंडळात पन्नास रुपयांच्या गुणपडताळणीत काय होते? तीच उत्तरपत्रिका त्याच गठ्ठ्यांतून शोधावी लागते, मुख्य उत्तरपत्रिका आणि पुरवण्या जुळवाव्या लागतात, कोणीतरी जबाबदार माणूस बसून पान अन् पान उलटतो आणि बेरीज पुन्हा करतो. शोधण्याचे, आणण्याचे, तपासण्याचे आणि परत ठेवण्याचे सगळे श्रम पन्नासात बसतात. मग तीच उत्तरपत्रिका हातात असताना तिची पाने स्कॅनरवर ठेवायला आणखी साडेतीनशे रुपये कसे लागतात? दुसरी तुलना याहून बोचरी आहे. विषयतज्ज्ञाने बसून अख्खी उत्तरपत्रिका नव्याने तपासायची तर तीनशे, आणि ती नुसती दाखवायची तर चारशे! ज्ञान लागते ते काम स्वस्त आणि यंत्राने होणारे काम महाग. असा दर खर्चावरून ठरत नाही. अर्जांची गर्दी होऊ नये म्हणून दाराशी उभा केलेला तो अडसर आहे, आणि तसे असेल तर मंडळाने तसे सांगावे.

हा अडसर जुना आहे आणि त्याचा उगम महाराष्ट्रातच आहे. १९८०च्या सुमारास बारावीच्या विद्यार्थ्यांनी राज्य मंडळाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. उत्तरपत्रिका पाहायची नाही आणि पुनर्मूल्यांकन मागायचे नाही, असा मंडळाचा नियम होता. उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला, पण १९८४ साली परितोष भूपेशकुमार शेठ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. निकालाला अंतिमता हवी आणि लाखो विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिका दाखवत बसणे व्यवहार्य नाही, असा त्या निकालाचा रोख होता. आजही शिक्षण खात्यात कोणी छायाप्रतीबद्दल नाक मुरडले की त्यामागे बहुधा हाच युक्तिवाद असतो. पण मधल्या काळात माहिती अधिकार कायदा आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि ती पाहण्याचा, तिची प्रत घेण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे, असे स्पष्ट सांगितले. परीक्षकाचे नाव मात्र झाकायचे. पुनर्मूल्यांकनाचा हक्क त्या निकालाने दिला नाही. तो संस्थेच्या नियमांवरच सोपवला, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. म्हणजे कायद्याने पाहणे आणि पुन्हा तपासणे यांच्यात एक रेघ ओढली : पाहणे हा हक्क, पुन्हा तपासणे ही नियमाने दिलेली सोय. मंडळाच्या दरपत्रकात ही रेघ उलटी आहे, कारण तिथे हक्क सोयीपेक्षा महाग आहे. २०१९ साली कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणातही फीचा प्रश्न आला होता. संस्थेचे स्वतःचे दर संस्थेच्या मार्गाने येणाऱ्यांसाठी आहेत, माहिती अधिकाराने मागणाऱ्याला त्या कायद्याचे दर लागतात आणि मार्ग निवडणे परीक्षार्थीच्या हाती आहे, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा आणि प्रत पानाला दोन रुपये. चोवीस पानांची उत्तरपत्रिका धरली तर अठ्ठावन्न रुपये झाले. अडचण फक्त काळाची आहे : त्या कायद्यात उत्तराला तीस दिवस आहेत आणि तोवर प्रवेशाची फेरी निघून जाते. थोडक्यात, स्वस्त मार्ग उशिराचा आणि वेळेवरचा मार्ग महाग.

पाहून नेमके काय कळते, हे एका काल्पनिक पण रोजच्या व्यवहारातल्या उदाहरणावरून बघू. नालासोपाऱ्यातली एक मुलगी बारावी वाणिज्यला बसली. बाकी विषयांत साठ-सत्तर आणि पुस्तपालन व लेखाकर्म या विषयात लेखीच्या ८० पैकी २४. गुणपत्रिका एवढेच सांगते. छायाप्रत हातात आली की चोवीस गुणांची फोड दिसते. पहिली शक्यता बेरजेची. आतल्या पानावर प्रश्नाला दिलेले गुण मुखपृष्ठावरच्या रकान्यात उतरवताना एखादा आकडा सुटला, किंवा पुरवणीतल्या उत्तराचे गुण वर आलेच नाहीत. हे पन्नास रुपयांच्या गुणपडताळणीतही सुटले असते, पण उत्तरपत्रिका न पाहता आपला घोटाळा याच जातीचा आहे हे तिला कळणार कसे? दुसरी शक्यता न तपासलेल्या उत्तराची. पान कोरे दिसते म्हणून परीक्षक पुढे गेला आणि त्याच्या मागच्या पानावर अर्धा प्रश्न राहून गेला. तिसरी शक्यता खरी मूल्यांकनाची, आणि लेखाकर्मात ती फार बारीक असते. भागीदारी संस्थेच्या अंतिम लेख्यांच्या प्रश्नात अखेरच्या साठ्याची किंवा घसाऱ्याची एक समायोजना तिने चुकवली. ती चूक आधी व्यापार व नफा-तोटा खात्यात दिसते, मग निव्वळ नफा बदलतो, मग भागीदारांच्या भांडवल खात्यांत तो वाटला जातो आणि शेवटी ताळेबंदात उतरतो. चूक एक, पण तिच्या सावल्या तीन. परीक्षकाने पहिल्या चुकीचे गुण कापले आणि पुढे तिच्या आकड्यांनुसार पद्धत बरोबर असेल तर गुण दिले, तर ते योग्य. पुढच्या प्रत्येक पायरीवर पुन्हा कापले, तर तो पुनर्मूल्यांकनाचा खरा मुद्दा होतो. आणि चौथी शक्यता अशी की सगळे बरोबर तपासले आहे आणि चोवीस हेच तिचे गुण आहेत. तसे असेल तर तिने पुढचे तीनशे रुपये भरायलाच नकोत. छायाप्रतीचे मोल इथे आहे : ती अर्ज वाढवते त्याहून जास्त अर्ज टाळते. 'काही होत नाही' म्हणणारे लोक उत्तरपत्रिका न पाहता केलेल्या अर्जांचा अनुभव सांगत असतात.

ही फोड पाहायला आणि लिहून काढायला तिला पाच दिवस मिळतात. समजा छायाप्रत शुक्रवारी, २३ मे २०२५ रोजी आली. शनिवार-रविवार सरकारी सुट्टी. सोमवारपासून मोजले तर शुक्रवार ३० तारखेला मुदत संपते; पण नियमात 'मिळाल्याच्या दिवसापासून' असल्यामुळे कोणी २३ तारीखच पहिला दिवस धरली तर गुरुवारीच संपते. एका दिवसाच्या या गोंधळाचा खुलासा मुलीला कोण देणार? त्याहून मोठी अडचण म्हणजे मे महिना. शाळा-कॉलेजे उन्हाळी सुट्टीत असतात आणि लेखाकर्माचे सर गावी गेलेले असतात. आपल्याकडचे अर्धे शिक्षक कोकणात, देशावर किंवा उत्तरेत जातात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. समायोजनेची सावली तीन ठिकाणी पडली आहे, हे बारावीच्या मुलीने एकटीने ओळखून लिहावे, अशी अपेक्षा तर कोणी करणार नाही. क्लासला जाणारी मुलगी क्लासच्या सरांकडून करून घेईल. नालासोपारा पूर्वेच्या चाळीतली, क्लास न लावलेली मुलगी कोणाकडे जाईल? काही अडले आणि प्रत्यक्ष जायची पाळी आली, तर विरारहून वाशीला जायला दादर-कुर्ल्याची वाट धरा नाहीतर वसईहून ठाणे गाठून ट्रान्स-हार्बर पकडा. अर्धा दिवस गेलाच. जव्हार-मोखाड्याच्या मुलाचा तर विचारच नको, आणि तोही याच विभागात येतो. अर्ज ऑनलाइन झाला ही चांगली सुधारणा आहे, ती नाकारायचे कारण नाही. पण ऑनलाइन अर्जाने फक्त प्रवास वाचतो. उत्तरपत्रिका वाचून दाखवणारा माणूस त्यातून मिळत नाही.

यावरचा सर्वांत जड आक्षेप गर्दीचा आहे. २०२५ साली बारावीला चौदा लाखांवर आणि दहावीला पंधरा लाखांवर मुले बसली. छायाप्रत पन्नास रुपयांत दिली तर अर्ज कोसळतील आणि निकालाची गाडीच रुळावरून घसरेल, असे सांगितले जाते. १९८४च्या निकालातही हीच भीती होती आणि ती पोकळ नव्हती. पण आज ती दोन ठिकाणी लंगडी पडते. पहिले म्हणजे सीबीएसईने २०२५ साली प्रक्रियेचा क्रम बदलला. पूर्वी तिथे आधी पडताळणी आणि मग प्रत होती; आता आधी उत्तरपत्रिकेची प्रत द्यायची आणि ती पाहून मुलाने पुढे जायचे की नाही ते ठरवायचे. शिवाय तिथे पुनर्मूल्यांकन प्रश्नागणिक मागता येते, त्या वर्षी प्रश्नाला शंभर रुपये होते. सीबीएसईच्या प्रतीचे दर तेव्हा काही कमी नव्हते, त्यामुळे तिचे सगळेच अनुकरण करावे असे मी म्हणणार नाही. पण एका प्रश्नावर वाद असलेल्या मुलीला तिथे एका प्रश्नाचे पैसे भरावे लागतात. इथे तिला पूर्ण विषयाचे. गर्दीचीच चिंता असेल तर प्रश्नागणिक अर्जाने परीक्षकांचे काम घटते, वाढत नाही. शिवाय तिथे एक गुण कमी झाला तरी तो मान्य करावा लागतो, ही अट उगाच अर्ज करणाऱ्याला पुरेशी सावध करते. दुसरे म्हणजे गर्दी हा चुकांचाच पुरावा असू शकतो. तेलंगणात २०१९च्या इंटरमीडिएट निकालात एका विद्यार्थिनीला तेलुगूत शून्य लागले आणि तपासणीनंतर ते नव्वदच्या पुढे गेले. मग सरकारने नापास झालेल्या सर्व मुलांच्या उत्तरपत्रिका विनाशुल्क पुन्हा पडताळल्या आणि अकराशेहून जास्त मुले उत्तीर्ण निघाली. लाखोंच्या मानाने तो आकडा लहान आहे, हे खरे. पण ती अकराशे मुले फी भरली नसती म्हणून नापासच राहायला हवी होती, असे म्हणण्याची हिंमत कोणी करेल का?

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या मानाचा आहे. छायाप्रत मागणे म्हणजे परीक्षकावर अविश्वास, असे शिक्षकवर्गात मनापासून वाटते. मला हा आक्षेप समजतो, कारण परीक्षकाला मिळणारे मानधन आणि दिलेले दिवस पाहिले तर चुका होतात याचे नवल नाही, इतक्या कमी होतात याचे आहे. पण याच कारणासाठी उत्तरपत्रिका दाखवली पाहिजे. मंडळ स्वतः परीक्षकावर नियामक आणि त्यावर मुख्य नियामक नेमते, बारकोड आणि हॉलोक्राफ्ट स्टिकरने बैठक क्रमांक झाकते. यंत्रणेनेच माणसाकडून चूक होईल असे धरलेले असेल, तर विद्यार्थ्याने ते धरणे अपमानास्पद कसे? आपल्या विरारनेच मार्च २०२५मध्ये याहून कडवा धडा पाहिला. तपासण्यासाठी शिक्षिकेच्या घरी नेलेल्या बारावी वाणिज्यच्या उत्तरपत्रिका घराला लागलेल्या आगीत जळाल्या. त्या वेळच्या बातम्यांत पावणेदोनशेच्या आसपासचा आकडा होता. कोणा एका शिक्षिकेला वेठीला धरून हा प्रश्न सुटत नाही. लाखो मुलांच्या कष्टाची एकमेव प्रत कापडी गठ्ठ्यात बांधून कोणाच्या तरी घरातल्या टेबलावर असते, हे त्या दिवशी उघडे पडले. अशा जळालेल्या उत्तरपत्रिकेच्या मालकाने छायाप्रतीचा अर्ज केला तर मंडळ त्याला काय देणार? चारशे रुपये परत करण्यापलीकडे, त्याचे गुण कोणत्या सूत्राने ठरले हे लेखी कळवणे हे तरी मंडळाचे देणे आहे. यावर 'मग सगळे स्कॅन करा' असे सोपे उत्तर देणाऱ्यांनी मुंबई विद्यापीठाचे २०१७ आठवावे. वसईच्या कॉलेजांतल्या मुलांनीही ते भोगले आहे : ऑनस्क्रीन तपासणी घाईने आणली, निकाल महिनोन्महिने रखडले, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावे लागले. स्कॅनिंग करायचेच, तर परीक्षा संपल्यावर पळत नव्हे. आणि सुरुवात मागणी आलेल्या उत्तरपत्रिकांपासून करता येते.

तिसरा आक्षेप पुरवणीचा. जून-जुलैत पुन्हा बसा, छायाप्रतीपेक्षा तो मार्ग खात्रीचा. काही मुलांच्या बाबतीत हे अगदी योग्य आहे. पण वेळापत्रक पाहा. २०२५ साली बारावीच्या पुरवणीचे अर्ज ७ मे रोजी, म्हणजे निकालानंतर दोन दिवसांत सुरू झाले आणि परीक्षा २४ जूनला सुरू झाली. छायाप्रत येण्याआधीच मुलीला पुरवणीची फी भरायची की नाही हे ठरवावे लागले. आपण नापास का झालो हे न कळता तिने पुन्हा तोच अभ्यास करायचा. ती समायोजनेत चुकली की परीक्षकाने पुरवणी वाचलीच नाही, हे तिला ठाऊक नाही. पुरवणीला बसणाऱ्या मुलीलाच छायाप्रतीची सर्वांत जास्त गरज असते, कारण तिच्या चुकांची यादी तिच्याच अक्षरात तिथे लिहिलेली असते. दहावीच्या मुलाची घाई वेगळी. अकरावीची ऑनलाइन नोंदणी मे अखेरीस सुरू झाली आणि पुढचे सगळे फेऱ्यांवर अवलंबून. विज्ञानात तीन गुण वाढून फायदा व्हायचा तर ते गुण फेरीआधी वाढायला हवेत, नंतर मिळालेले तीन गुण गुणपत्रिकेवर शोभतात, प्रवेशात नाही.

म्हणून मागणी तीनच गोष्टींची आहे आणि त्यांपैकी एकीला मंडळाची परवानगीही लागत नाही. छायाप्रतीची फी गुणपडताळणीइतकी करावी आणि नापास झालेल्यांना ती माफ असावी. पुनर्मूल्यांकनाची मुदत मुलागणिक न मोजता एकच छापील तारीख द्यावी, छायाप्रती देण्याच्या शेवटच्या दिवसानंतर किमान दहा दिवसांची, आणि छायाप्रत किती दिवसांत दिली जाईल याचे बंधन मंडळाने स्वतःवरही घालावे. आज पाच दिवसांचे बंधन फक्त मुलावर आहे. तिसरी गोष्ट वसई तालुक्यातल्या शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांनी करायची आहे. सुट्टीत प्रत्येक विषयाचा एक शिक्षक निकालानंतरचे तीन आठवडे आळीपाळीने उपलब्ध राहील, त्याचा दिवस आणि वेळ निकालाच्याच दिवशी फलकावर लागेल, आणि शेजारच्या शाळेचे मूल आले तरी त्याची छायाप्रत वाचली जाईल. वसई गावातल्या शाळेत गणिताचे सर आणि नालासोपाऱ्यात लेखाकर्माच्या बाई असल्या, तर मुले लोकलने एक-दोन स्टेशने जाऊ शकतात. त्या बाईंनी छायाप्रतीच्या कडेला पेन्सिलीने प्रश्न क्रमांक, मिळालेले गुण, अपेक्षित गुण आणि एका ओळीत कारण लिहून दिले की तीनशे रुपये भरायचे की नाही हे मुलीला त्याच संध्याकाळी कळेल.